ओझोन मोडतो कसा? पंधरा कोटींमागे एका अणूचा हिशेब

काचेच्या बंद फुग्यात ओझोन मिसळलेला ऑक्सिजन भरायचा, फुगा शंभर अंशांवर तापवायचा आणि दाबमापकाकडे बघत बसायचं. ओझोन हळूहळू मोडतो आणि त्याचा साधा ऑक्सिजन होतो. ओझोनच्या दोन रेणूंपासून ऑक्सिजनचे तीन रेणू होत असल्यामुळे फुग्यातला दाब किंचित वाढतो. सुरुवातीला ओझोन एक टक्का असेल, तर तो सगळा संपेपर्यंत दाब अवघा अर्धा टक्का चढतो. एवढ्याशा चढावावरून ओझोन किती वेगाने मोडतोय ते काढायचं. काम चिकाटीचं खरं, पण त्यात गूढ असं काही दिसत नाही.

गूढ शिरलं ते मोजमापांमधून. १९०६ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ यान यांनी मांडलेला निष्कर्ष चक्रावून टाकणारा होता. फुग्यातला ओझोन दुप्पट केला की मोडण्याचा वेग चौपट होतो, आणि ऑक्सिजन दुप्पट केला की तोच वेग निम्म्यावर येतो. यातला पहिला भाग कुणालाही पटेल. ओझोनचे दोन रेणू एकमेकांवर आपटून मोडत असतील, तर दुप्पट रेणूंच्या चौपट टकरा होणारच. अडचण दुसऱ्या भागाची आहे. ऑक्सिजन हे तर या अभिक्रियेतून तयार होणारं द्रव्य. जे अजून तयार व्हायचं आहे, ते आधीपासून हजर असलं म्हणून मोडणं मंद का व्हावं? ओझोनचे दोन रेणू थेट आपटत असते, तर शेजारी ऑक्सिजन आहे की नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

म्हणजे ते थेट आपटत नाहीत. मधे कुणीतरी आहे.

तो मधला म्हणजे ऑक्सिजनचा सुटा अणू. ओझोनचा रेणू तीन अणूंचा असतो. आजूबाजूच्या रेणूंचे धक्के खाऊन एखाद्या रेणूत पुरेशी ऊर्जा साठली की त्याचा एक अणू सुटतो आणि मागे दोन अणूंचा साधा ऑक्सिजन उरतो. हा सुटा अणू कमालीचा उतावळा असतो. त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एखाद्या ऑक्सिजनच्या रेणूला चिकटून तो पुन्हा ओझोन होतो, म्हणजे आल्या पावली परत जातो. नाहीतर तो ओझोनच्या दुसऱ्या एखाद्या रेणूवर जाऊन आदळतो आणि दोघांचे मिळून ऑक्सिजनचे दोन रेणू होतात. रसायनशास्त्राच्या चिन्हांत हे असं लिहितात:

```
O3 + M  ⇌  O2 + O + M     (k1, k-1)
O  + O3 →  2 O2           (k2)
```

इथे M म्हणजे धक्का देणारा कुठलाही रेणू. तो ऑक्सिजनचा असो की नायट्रोजनचा, त्याचं काम फक्त ऊर्जा देण्याघेण्याचं. k ही अक्षरं त्या त्या पायरीचा वेग स्थिरांक दाखवतात. ती पायरी मुळात किती चपळ आहे, हे त्या आकड्यावरून कळतं. एकूण दाब ठरलेला असला की M चं प्रमाणही ठरतं, म्हणून पुढच्या हिशेबात ते k1 आणि k-1 यांच्यातच धरलं आहे.

यंत्रणा अशी दोनच पायऱ्यांची आहे, तरी तिच्यावरून वेगाचा नियम काढताना गाडी अडते. दुसऱ्या पायरीचा वेग सुट्या अणूंच्या संख्येवर अवलंबून, आणि ही संख्या कुणालाच ठाऊक नाही. १९०६ च्या प्रयोगशाळेत तर ती मोजण्याचं साधनच नव्हतं. नियमात हवी असतात ती मोजता येणारी प्रमाणं, म्हणजे ओझोनचं आणि ऑक्सिजनचं. मग या अणूला समीकरणातून बाहेर कसा काढायचा?

१९१३ साली याचं उत्तर दोन ठिकाणांहून आलं. जर्मनीत माक्स बोडेनस्टाइन आणि इंग्लंडमध्ये डेव्हिड चॅपमन व त्यांचे सहकारी अंडरहिल यांनी प्रकाशात होणाऱ्या हायड्रोजन-क्लोरीन अभिक्रियेचा विचार करताना एकच युक्ती स्वतंत्रपणे वापरली. पुढे तिला स्थिरावस्थेचं गृहीतक असं नाव पडलं. युक्ती सांगायला सोपी आहे. मधला घटक इतका उतावळा असेल की जन्मताच संपतो, तर त्याच्या नावावर शिल्लक अशी काही साठतच नाही. त्याची जमा आणि त्याचा खर्च बरोबरीचे धरावेत.

ओझोनच्या बाबतीत सुट्या अणूंची जमा एकाच मार्गाने होते, ओझोन तुटून. खर्च मात्र दोन मार्गांनी होतो, ऑक्सिजनला चिकटून किंवा ओझोनवर आदळून. दोन्ही बाजू बरोबरीच्या धरल्या की:

```
k1[O3] = k-1[O2][O] + k2[O3][O]

[O] = k1[O3] / ( k-1[O2] + k2[O3] )
```

चौकटी कंसातलं चिन्ह म्हणजे त्या पदार्थाचं प्रमाण. बघता बघता सुट्या अणूचं प्रमाण ओझोन आणि ऑक्सिजनच्या भाषेत आलं. आता ओझोन किती वेगाने घटतो ते बघू. जो सुटा अणू दुसऱ्या ओझोनवर आदळतो, तो हिशेबात ओझोनचे दोन रेणू संपवतो. एक ज्यातून तो स्वतः सुटला तो, आणि दुसरा ज्याच्यावर आदळला तो. परत चिकटणाऱ्या अणूमुळे काहीच घटत नाही. म्हणून ओझोन घटण्याचा वेग 2k2[O][O3] इतका होतो, आणि त्यात वरचं [O] घातलं की शेवटचा नियम मिळतो:

```
वेग = 2 k1 k2 [O3]^2 / ( k-1[O2] + k2[O3] )
```

सगळी गंमत छेदातल्या दोन पदांमध्ये आहे. सुट्या अणूच्या दोन वाटाच तिथे शेजारी शेजारी बसल्या आहेत. ऑक्सिजन भरपूर असेल तर पहिलं पद मोठं, दुसरं नगण्य. ते सोडून दिलं की वेग [O3]^2 / [O2] च्या प्रमाणात येतो, म्हणजे नेमका यान यांचा नियम. ऑक्सिजन मोडण्याला आडकाठी करतो, कारण तो सुट्या अणूंना धरून पुन्हा ओझोनमध्ये बसवतो. उलट ऑक्सिजन अगदी थोडा असेल तर पहिलं पद सोडून देता येतं. वरचा एक [O3] खालच्या [O3] बरोबर कटतो आणि उरतं 2k1[O3]. ऑक्सिजनचं नावच पुसलं जातं आणि वर्गाच्या जागी साधं प्रमाण येतं. पायऱ्या त्याच, अणू तेच, पण मिश्रण बदललं की मोजणाऱ्याला दोन वेगळे नियम दिसतात. यान यांच्या मोजमापांत या नियमाची एक बाजू उमटली होती.

अक्षरांचा खेळ पुरे. आता आकडे घालून बघू, कारण हे गृहीतक पटायचं ते आकड्यांनीच. १०० अंश सेल्सिअस, एक वातावरण दाब, ९९ टक्के ऑक्सिजन आणि एक टक्का ओझोन असं मिश्रण घेतलं आहे. या तिन्ही पायऱ्यांचे वेग स्थिरांक आज स्वतंत्रपणे मोजलेले आहेत. या तापमानाला ओझोनच्या दर हजार रेणूंपैकी साधारण एक रेणू दर सेकंदाला तुटतो. सुटलेला अणू ऑक्सिजनला चिकटण्याचा वेग सेकंदाला सुमारे १,४०,००० आणि ओझोनवर आदळून संपण्याचा वेग सुमारे ६,३०० येतो. या दोन आकड्यांचं प्रमाण २२ ला १. म्हणजे सुटणाऱ्या २३ अणूंपैकी २२ आल्या पावली परत जातात आणि एकच ओझोनचा घात करतो.

या दोन वेगांची बेरीज करून तिने एकाला भागलं की सुट्या अणूचं सरासरी आयुष्य मिळतं. ते येतं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सातपट, म्हणजे सात मायक्रोसेकंद. असे अणू फुग्यात एका वेळी असतात किती? वरच्या सूत्राने दर घनसेंटिमीटरमध्ये सुमारे १३५ कोटी. आकडा भलामोठा वाटतो, पण तेवढ्याच जागेत ओझोनचे रेणू इतके असतात की एका सुट्या अणूमागे ओझोनचे पंधरा कोटी रेणू पडतात. मध्यस्थ तुरळक आहे असं म्हणतात ते या अर्थाने.

इथे चाणाक्ष वाचक एक शंका काढेल, आणि ती रास्त आहे. जमा आणि खर्च अगदी बरोबर असतील तर सुट्या अणूंचं प्रमाण कधी बदलायलाच नको. पण ओझोन घटत जातो तसं सूत्राप्रमाणे सुट्या अणूंचं प्रमाणही घटतं. मग ते स्थिर कसं? खरं म्हणजे ते स्थिर नसतंच, आणि गृहीतकाचा दावाही तसा नाही. आपल्या फुग्यात एका घनसेंटिमीटरमध्ये दर सेकंदाला सुमारे दोनशे लाख कोटी सुटे अणू जन्मतात आणि जवळपास तितकेच संपतात. दोन्हींतला फरक येतो सेकंदाला जेमतेम सव्वा लाख अणूंचा. इतक्या मोठ्या दोन रकमांतला एवढासा फरक शून्य धरला, तर वेगाच्या उत्तरात दीडशे कोटींत एका भागाएवढीही चूक होत नाही. पाठ्यपुस्तकांत ‘मध्यस्थाचं प्रमाण स्थिर असतं’ असं एका ओळीत लिहून पुढे जातात, आणि विद्यार्थी नेमके तिथेच अडखळतात. फरक दोन प्रवाहांच्या मानाने नगण्य आहे, असं म्हटलं की गोंधळ उरत नाही.

आता तोच दाब आणि तेच तापमान ठेवून फक्त ऑक्सिजन काढून घ्यायचा. ९८ टक्के नायट्रोजन, एक टक्का ऑक्सिजन, एक टक्का ओझोन. नायट्रोजन धक्के देण्याचं काम ऑक्सिजनइतपतच करतो, त्यामुळे ओझोन तुटण्याचा वेग साधारण तोच राहतो. पण सुट्या अणूला चिकटायला आता ऑक्सिजनचे रेणू शंभर पटींनी कमी मिळतात. चिकटण्याचा वेग १,४०,००० वरून १,४०० वर येतो आणि ओझोनवर आदळण्याचा वेग ६,३०० च राहतो. आता शंभरातले सुमारे ८२ अणू ओझोनचा घात करतात. पहिल्या फुग्यात ओझोन सुरुवातीला मिनिटाला अर्धा टक्का घटत होता, या फुग्यात तो मिनिटाला जवळपास दहा टक्क्यांनी घटतो. ओझोन तेवढाच, तापमान तेच, तरी वेगात एकोणीस पटींचा फरक. ‘ओझोन शंभर अंशांना किती वेगाने मोडतो?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. सोबत ऑक्सिजन किती, हे आधी विचारावं लागतं.

गृहीतक कुठे फसतं? एक तर सुरुवातीच्या क्षणी. फुगा तापल्या तापल्या सुटा अणू एकही नसतो. जमा सुरू झालेली असते, खर्चाला अजून काही नसतं. दोन्ही जुळायला अणूच्या आयुष्याच्या काही पट वेळ लागतो, म्हणजे इथे काही दशक मायक्रोसेकंद. पहिल्या फुग्यातल्या ओझोनला लक्षणीय घटायला तास लागतात, त्यामुळे हा काळ कुणाच्या लक्षातही येत नाही. कसोटी हीच: मध्यस्थाचं आयुष्य मूळ पदार्थाच्या आयुष्याच्या तुलनेत किती आखूड आहे? सात मायक्रोसेकंद आणि सुमारे तीन तास असा फरक असेल तर बिनधास्त वापरावं. मध्यस्थ दमदार असेल, बराच काळ तग धरून साठत असेल, तर हे सूत्र वापरणं चूक. तेव्हा प्रमाण वेळेगणिक कसं बदलतं याची समीकरणं पायरीपायरीने सोडवावी लागतात.

तो सुरुवातीचा क्षण मुद्दाम पकडायचा असेल तर त्याचीही सोय झाली. १९४९ मध्ये नॉरिश आणि पोर्टर यांनी प्रकाशाच्या झोताने रेणू फोडून मधले घटक टिपण्याची पद्धत आणली. आयगेन यांच्यासह त्यांना १९६७ चं नोबेल मिळालं. पुढे लेसर आले. आता लेसरच्या एका झोतात ऑक्सिजनचे सुटे अणू तयार करतात आणि अतिनील प्रकाशात ते चमकतात त्यावरून ते किती वेगाने संपताहेत ते बघतात. k2 हा आकडा असा थेट मिळतो. तो दुसऱ्याच प्रयोगातून आलेला असताना आपल्या सूत्रात घातल्यावर फुग्यातला वेग बरोबर येतो, तेव्हा दोन पायऱ्यांच्या यंत्रणेवर खरा भरवसा बसतो. नुसता वेगाचा नियम जुळला म्हणजे यंत्रणा सिद्ध झाली असं नाही, कारण तोच नियम देणारी दुसरी यंत्रणाही रचता येते.

दुसरी फसगत फुग्याच्या भिंतीवर होते. काच नीट धुतलेली नसेल, तेलाचा अंश असेल किंवा कुठे धातूचा तुकडा उघडा पडला असेल, तर ओझोन तिथेच मोडत राहतो आणि सूत्रातल्या कुठल्याही पायरीशी त्याचा संबंध नसतो. हे ओळखण्याची रीत साधी आहे. काचेच्या बारीक नळ्यांचे तुकडे भरून फुग्याच्या आतला काचेचा पृष्ठभाग वाढवायचा आणि पुन्हा मोजायचं. वेग वाढला तर काम भिंत करते आहे. पाण्यात विरघळलेल्या ओझोनलाही हा नियम लागू पडत नाही. तिथे पाण्याच्याच घटकांपासून वेगळे मध्यस्थ बनतात आणि अभिक्रियेची साखळी सुरू होते. बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात ओझोन सोडतात, त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

वातावरणातल्या ओझोनच्या थराला मात्र हीच रीत उपयोगी पडली. १९३० मध्ये सिडनी चॅपमन यांनी (१९१३ च्या चॅपमनांशी गल्लत नको, हे दुसरे) या थराचं गणित मांडलं, तेव्हा सुट्या अणूंची जमा आणि खर्च असेच बरोबरीचे धरले. फरक इतकाच की तिथे रेणू उष्णतेने तुटत नाहीत, सूर्याच्या अतिनील किरणांनी तुटतात.

आता छेदातली ती दोन पदं एका रोजच्या कामात काय करतात ते पाहू. पाणी शुद्ध करण्यासाठी ओझोन वापरणाऱ्या ठिकाणी न वापरलेला ओझोन तसाच हवेत सोडून चालत नाही. काही यंत्रांत तो ३०० अंशांच्या वर तापवून मोडतात. या तापमानाला दोन गोष्टी बदलतात. ओझोन तुटण्याचा वेग १०० अंशांच्या मानाने वीस हजारांहून अधिक पट होतो. शिवाय सुट्या अणूंचा कलही बदलतो. गरम वायूत ऑक्सिजनला चिकटणं अवघड होतं आणि ओझोनवर आदळून संपणं सोपं. त्याच ९९ टक्के ऑक्सिजन आणि एक टक्का ओझोनच्या मिश्रणात ३०० अंशांना २३ पैकी एक नव्हे, तर निम्म्याहून अधिक अणू ओझोनचा घात करतात. सुरुवातीचा बराचसा ओझोन सेकंदाच्या लहानशा अंशात संपतो.

पण ओझोन कमी झाला की k2[O3] हे पद आक्रसतं, आणि मिश्रण पुन्हा यान यांच्या नियमाच्या ताब्यात जातं. वेग वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ओझोन दहा पटींनी कमी झाला की वेग शंभर पटींनी कमी. ३०० अंशांना ऑक्सिजनमध्ये हे सूत्र चालवून बघितलं तर एका सेकंदानंतर ओझोन दहा लाखांत सुमारे १२५ भाग उरतो आणि दहा सेकंदांनंतर सुमारे १२ भाग. कामाच्या जागी हवेत चालणारी मर्यादा दहा लाखांत ०.१ भाग इतकी आहे. तिथवर पोहोचायला याच सूत्राने वीस मिनिटं लागतात, आणि वाहता वायू इतका वेळ तापलेल्या नळीत धरून ठेवणं परवडत नाही. म्हणून अनेक ठिकाणी शेवटच्या टप्प्यावर वायू मँगनीज डायऑक्साइडच्या थरातून नेतात. तिथे ओझोन पृष्ठभागावरच मोडतो, आणि वरचं सूत्र तिथे लागू होत नाही.